दोन दिवस थांबूनही

पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर धावावं लागतं. त्यासाठी वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या मैदानावर आम्ही पाच-सहा जणी सकाळ-संध्याकाळ घाम गाळत होतो. वयात बसणारी माझी ही शेवटची भरती, त्यामुळे मी तर हट्टालाच पेटलेले. वेळ सुधारायच्या ऐवजी बिघडत गेली, तशा मी फेऱ्या वाढवल्या आणि रात्रीची भाकर अर्धी केली. अंग हलकं पाहिजे ना!

शिकवणारे सर फौजेतून निवृत्त झालेले. एके दिवशी म्हणाले, "दोन दिवस इकडं फिरकू नको. खाय, झोप, मंग पळ. साधा थकवा असंन तं उतरंन."

झोपते कुठली! अंग मोडून यायचं, पण डोळ्याला डोळा लागत नव्हता. आईने जेवायला हाक मारली तरी मी खेकसायची. तिसऱ्या दिवशी मात्र जीव तोडून धावले. सरांनी घड्याळ पुढे धरलं आणि मी मातीतच बसले. विश्रांती घेऊन आधीपेक्षाही उशीर!

सरांनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर अंथरुणातच नाडी मोजायला सांगितली. सराव सुरू करताना मोजली होती त्याहून ती बरीच जास्त भरली. "हे माह्या हातचं नाही," ते म्हणाले, "डॉक्टरीणबाईले दाखव."

आई मला वाशीमला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला दिलं आणि विचारलं, "पाळी?"

"चार महिन्यांपासून नाही," मी हसतच सांगितलं. आमच्या मैदानावर ते भाग्य समजलं जायचं. कटकट नाही, सराव बुडत नाही. माझ्यासोबत धावणारी मैत्रीण तर म्हणायची, "तुहं बरं हाय बाई."

बाई हसल्या नाहीत. "खाणं कमी, धावणं जास्त. शरीर एकेक काम बंद करतंय. अशीच धावलीस तर पायाचं हाड चिरेल." आई माझ्याकडे बघतच राहिली. तिलाही मी सांगितलं नव्हतं.

तपासण्यांत दुसरा आजार निघाला नाही. बाईंनी काही आठवडे धावणं बंद केलं. पोटभर जेवण, झोप. नाडी उतरली की आधी चालायचं, मग बोलता येईल इतकंच हळू धावायचं, आठवड्याला एक दिवस सुट्टी, आणि वेग सगळ्यात शेवटी. मैदानी चाचणी त्याच्या आधीच होती. एसटीत मी रडत होते.

"तंगडं मोडून नोकरी कोणाले पाह्यजे?" आई म्हणाली.

मी चाचणीला जायचं रद्द केलं. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी तीच मैत्रीण माझं सांत्वन करायला आली. मी तिला सगळं सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"तुले सांगतलं नाही, पण मले तं दिवाळीपासून नाही," ती म्हणाली. "मी काय करू?"

पहाटे चाचणीला जायची तिची गाडी होती.