व्हॅनिलाच्या शेंगांवरचं पांढरं

गुलमंडीजवळ आमचं अत्तराचं दुकान आहे आणि माझा मेव्हणा त्यात भागीदार आहे. गिऱ्हाईक आलं की तो 'शंभर टक्के नैसर्गिक'चं पुराण लावतो. खरं तर आमच्या बहुतेक बाटल्यांत, गुलाब असो की ऊद, कारखान्यातलं व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला वास देणारं द्रव्य, असतं. ही पांढरी पूड उग्र वास मवाळ करते, अंगावर लई वेळ टिकते, आणि आइस्क्रीम खाल्लेल्या कुणालाही तिचा वास परका वाटत नाही.

परवा मी हौसेनं केरळातून खऱ्या शेंगा मागवल्या. वेलीवरची हिरवी शेंग जवळजवळ बिनवासाची असते. तिला गरम पाण्यात बुडवून, घोंगडीत गुंडाळून घाम आणायचा, उन्हात वाळवायची, मग महिनोन्‌महिने पेटीत मुरवायची, तेव्हा कुठं तिच्यातलं व्हॅनिलिन खुलतं. आमच्या शेंगा इतक्या मुरलेल्या की अंगावर पांढरे बारीक स्फटिक चढले होते.

मी जेवून येईपर्यंत मेव्हण्यानं एकेक शेंग स्पिरिटच्या फडक्यानं लख्ख पुसली होती. वर मलाच सुनावलं, "दाजी, बुरशी लागलेला माल गळ्यात मारला तुमच्या. माझं लक्ष होतं म्हणून बरं!"

ते पांढरं म्हणजे निव्वळ व्हॅनिलिन. हा शहाणा तेच रोज बरणीतून चमच्यानं काढतो.

तेवढ्यात एका बाईंनी अस्सल व्हॅनिला मागितलं. त्यानं छातीठोकपणे बरणीतल्या पुडीची बाटली पुढं केली. दुकानातलं सगळ्यात अस्सल व्हॅनिला त्याच्या हातातल्या फडक्यात होतं, आणि त्याच फडक्यानं तो काउंटर पुसत होता.