एनिमावाले प्रेमराजभाऊ

धुळ्यात पांझरा नदी ओलांडून देवपुरात आलं की डॉक्टरांच्या पाट्या मोजता मोजता मान दुखते. तरी आमच्या गल्लीतला माणूस आधी प्रेमराजभाऊंकडे जातो. प्रेमराजभाऊ डॉक्टर नाहीत, औषधाचे दुकानदार आहेत. हा फरक गिऱ्हाईक कधीच विसरलं होतं आणि भाऊंनाही तो आठवण्याची फारशी गरज पडत नसे.

नरडाण्याकडच्या एका खेड्यातून ते धुळ्याला आले, फार्मसीचा डिप्लोमा झाला, दुकान टाकलं. काउंटरच्या आत उभा राहिलेला माणूस बाहेरच्यापेक्षा शहाणा दिसतो, ही देवानं दुकानदारांची केलेली सोय आहे. भाऊंनी तिचा पुरेपूर लाभ घेतला. खोकला ऐकून ते बाटली काढत, चाल बघून गुडघ्याची गोळी काढत. घरी बायको दिपमाला म्हणायची, "स्वतःच्या ॲसिडिटीला मात्र डॉक्टर लागतो तुम्हाला."

पण खरी कीर्ती एनिमाची. गल्लीत म्हाताऱ्यांची उणीव नाही, आणि म्हातारपणी माणसाचं निम्मं लक्ष परमेश्वरात आणि निम्मं पोट साफ होण्यात असतं. पूर्वी लोक एरंडेल घ्यायचे, तोंड वाकडं करायचे. भाऊंनी त्यांना तयार एनिमाची बाटली दाखवली. लहानशी, टोपण काढा, डाव्या कुशीवर झोपवा, दाबा, काम फत्ते. कुणी घाबरत विचारलं, की काही त्रास तर नाही ना व्हायचा, तर भाऊंचं एकच अहिराणी वाक्य ठरलेलं. "मीठनं पानी शे. त्यामा काय व्हस?" आणि बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता दुसरं वाक्य, "घरमा एक राहू द्या. कामे येस."

खोक्यावर काय लिहिलंय ते भाऊंना माहीत होतं. किंमत आणि मुदत. बाकीचा बारीक मजकूर कंपनीनं जागा भरायला छापला असावा, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

त्यांच्या या विद्येवर सगळ्यात गाढ श्रद्धा धापूबाईंची. कापडवाले लालचंदशेठ यांची ही आई. अठ्ठ्याहत्तरीची, काटकुळी, बीपीची गोळी, पायावरच्या सुजेसाठी लघवीची गोळी, आणि गुडघ्यांसाठी भाऊंनी स्वतः नेमून दिलेली दुखण्याची गोळी. भाऊ तिला आक्का म्हणत. नवीन असताना दुकानात काळं कुत्रं फिरकत नव्हतं, तेव्हा याच बाईनं जैन उपाश्रयात जमणाऱ्या बायकांना सांगून सांगून गिऱ्हाईक पाठवलं होतं. "आपला पेमराज शे ना," असं म्हणत. आई लहानपणीच वारलेल्या माणसाला एवढं पुरतं. भाऊंचा जीव होता तिच्यावर, अगदी खरा. म्हणूनच तर तिला ते कधी औषधाविना परत पाठवत नसत.

धापूबाई बारा महिने चौविहार पाळत. सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. दिवसा तरी प्यावं, तर महाराजसाहेबांच्या व्याख्यानातून मधे उठावं लागतं म्हणून तेही बेतानं. एवढ्या कोरड्या पोटात कोठा जड होणार नाही तर काय होणार? पण तिला पाणी पी म्हणायचं म्हणजे धर्मात नाक खुपसणं, आणि एनिमा देणं म्हणजे सेवा. भाऊंनी सेवा निवडली. आधी महिन्यातून एखादा, मग आठवड्याला, मग मनात आलं की. घरच्यांनाही ते सोयीचं होतं, कारण हा उपाय व्रताच्या आड येत नव्हता. तोंडावाटे काही गेलं नाही म्हणजे पोटात काही गेलंच नाही, असा घरातला बिनतोड हिशेब. मागच्या दारानं आलेल्याला पाहुणा कोण म्हणतं?

जैनांचं पर्युषण पर्व आलं. आक्कांनी उपवास धरला, दिवसा उकळलेलं पाणी तेवढं. गोळ्या मात्र भाऊंच्या सल्ल्यानं चालूच. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं. संध्याकाळी प्रतिक्रमणाच्या प्रार्थनेला बसण्याआधी नातसून रुचीनं एनिमा दिला आणि थोड्या वेळानं दुकानात फोन केला.

"भाऊ, आजींना दिला, पण बाहेर काहीच आलं नाही. पाणीसुद्धा नाही."

खोक्यावरचा बारीक मजकूर नेमका याच घडीसाठी छापलेला होता. आत गेलेलं बाहेर आलं नाही तर दुसरा देऊ नका, दवाखाना गाठा. आणि एका दिवसात एकापेक्षा जास्त तर मुळीच नको. भाऊंच्या काउंटरवर तेव्हा गर्दी होती.

"कोठा कडक असेल. आणखी एक लाव," ते म्हणाले. "मिठाचंच पाणी आहे ते, वाया थोडंच जातं?"

वाया गेलं नाही. थेंबन् थेंब अंगात गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्कांच्या ओठांना मुंग्या यायला लागल्या. हाताची बोटं आत ओढली गेली, अंगठा तळव्यात रुतला, सोडवता सुटेना. भाऊंना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, म्हणजे मनगट धरलं, आणि निदान सांगितलं, "उपवासाची कमजोरी आहे." शेजारणी म्हणाल्या, तपाचा प्रभाव आहे. पण आक्का झापड आल्यासारख्या पडल्या होत्या, सकाळपासून लघवी झाली नव्हती, आणि हाक मारली तर नुसतं पाहत होत्या. ती नजर पाहून भाऊ उठले. त्यांनीच रिक्षा आणली.

दवाखान्यात डॉक्टर मेघा म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी रक्त पाठवलं आणि औषधांची पिशवी मागितली. लालचंदशेठनी ती उलटी केली. बीपीची, लघवीची, गुडघ्याची.

"आणखी काही? पोट साफ करायचं औषध? चूर्ण?"

"काही नाही," शेठ ठामपणे म्हणाले. "उपवास होता. तोंडात पाण्याशिवाय काही गेलेलं नाही, देवाशपथ."

माणूस खरं बोलत होता. इतकं खरं, की त्यानं आई मेली असती.

रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला. "कॅल्शियम फार घसरलंय, म्हणून हात वळतायत. किडनी जवळपास बंद आहे. पण हे फॉस्फेट इतकं वर कसं? न जेवलेल्या माणसाच्या अंगात एवढं फॉस्फेट येतं कुठून? ते कळलं तर मला उपाय नेमका करता येईल. नाहीतर मी अंधारात चाचपडत बसेन, आणि तेवढा वेळ यांच्याजवळ नाही."

भाऊ भिंतीला टेकून उभे होते, हातात चहाचा थर्मास. फॉस्फेट. तो शब्द बारीक मजकुरात नव्हता. खोक्यावर समोर, ठळक अक्षरांत, औषधाच्या नावातच होता. इतकी वर्षं ते खोकं हातानं उचलून देत होते, आणि तो शब्द त्यांनी आज पहिल्यांदा वाचला, तोही डोळे मिटून.

बोललं तर गल्लीतली अब्रू गेली, लायसन्सवर गंडांतर, आणि शेठ काय करतील सांगता येत नाही. न बोललं तर कुणाला कळणार नव्हतं. रुचीला तर ते औषध वाटतच नव्हतं. मग आतून आक्का कण्हल्या.

"मॅडम, एनिमा," ते म्हणाले. "काल संध्याकाळी दोन. पहिला बाहेर आला नव्हता, तरी दुसरा मी द्यायला सांगितला. आणि हे बरेच महिने चाललंय. माझ्याच दुकानातून."

शेठ त्यांच्याकडे पाठ फिरवून आत आईजवळ गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कसला एनिमा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"खोक्यावर फॉस्फेट लिहिलंय... पण मिठाचंच पाणी असतं ना ते?"

"मीठ खरं, पण फॉस्फेटचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. ओरडायला त्यांना फुरसत नव्हती. "ते आतड्यात अंगातलं पाणी ओढून घेतं, म्हणून कोठा सुटतो. लगेच बाहेर पडलं तर ठीक. आत राहिलं तर आतड्यातून रक्तात जातं, आणि ते बाहेर टाकायचं काम किडनीचं. यांची किडनी वयानं थकलेली, वर लघवीची गोळी, वर दुखण्याची गोळी, वर पाणी नाही. ती कुठून टाकणार? मग फॉस्फेट रक्तातलं कॅल्शियम धरतं आणि किडनीच्याच बारीक नळ्यांत जाऊन बसतं. धडधाकट माणसाला एखादा चालून जातो. अशा माणसाला परत परत देणं म्हणजे खेळ नाही."

"मग फॉस्फेट नसलेलं, साधं सलाईनचं दिलं असतं तर..." भाऊंमधला दुकानदार अजून पुरता मेला नव्हता.

"तेही विचारून, आणि कधीतरी. आत राहिलं तर मीठ-पाणी अंगात मुरतंच, आणि थकलेल्या किडनीला, हृदयाला तेही झेपत नाही. एवढ्या वेळा लागतंय म्हणजे कोठा का अडतोय ते बघायचं असतं, भाऊ. बाटली विकायची नसते."

कॅल्शियमची सुई लागली, पाणी मोजून चढवलं, आणि डायलिसिस झालं. हात सुटले. आक्का वाचल्या. किडनी मात्र पूर्वीइतकीही राहिली नाही. जी उरली ती जपायची, असं सांगून घरी पाठवलं. गुडघ्याची गोळी बंद, एनिमा बंद, पोटासाठी एक गोड पातळ औषध. महाराजसाहेबांना विचारलं तेव्हा त्यांनी एका वाक्यात रात्रीच्या औषध-पाण्याची सूट दिली. इतके दिवस त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

भाऊंनी दुकानातले एनिमा खालच्या कपाटात कुलपात टाकले. आता कुणी मागितला, की वय विचारतात, किडनी विचारतात, चिठ्ठी मागतात. गल्लीत बोभाटा झाला, की पेमराज शेफारला.

आणि मग एक दिवस रुची सहज बोलून गेली, की आजींनी कामवालीला पाठवून काहीतरी मागवलंय, बहुतेक झुलालच्या दुकानातून. भाऊ काउंटर सोडून पळाले. झुलाल म्हणजे कोपऱ्यावरचा नवा औषधाचा दुकानदार. भाऊंना पाहून तो हसला.

"हा, दिना ना आक्काले एनिमा. एवढं काय घाबरी राहिना? तूच तर सांगस बठ्ठी गल्लीले, मीठनं पानी शे, त्यामा काय व्हस?"

भाऊ तसेच पुढे पळाले. घामाघूम होऊन लालचंदशेठच्या घरात शिरले, तर आक्का खाटेवर बसून माळ ओढत होत्या.

"आक्का, एनिमा लिधा का?"

"नही रे." तिनं उशीखालून खोकं काढलं. सील तसंच होतं. "तू नको म्हनना, मंग कशी लिसू? पन उशाले ऱ्हायना का धीर वाटस. तूच शिकाडेल शे ना, घरमा एक राहू द्या."

भाऊंनी ते खोकं खिशात टाकलं. बाहेर दिवस कलत आला होता. त्यांनी आत जाऊन डॉक्टरांनी नेमून दिलेला पाण्याचा पेला भरून आणला, आक्कांच्या हातात दिला, आणि तो रिकामा होईपर्यंत लहान मुलासारखे समोर बसून राहिले.