शेवटून पहिली फेरी

गुरुदास परबांचा उजवा हात गेल्या वर्षीपासून थरथरतो, म्हणून कणकवलीच्या त्यांच्या काजू कारखान्यातली सगळी मेल्स ते फोनला सांगतात. फोन ऐकतो आणि लिहितो. पण पूर्णविराम देत नाही, आणि 'काजूगर' म्हटलं की 'काजू घर' करतो. ती मेल्स मसुद्यात येऊन पडतात. ऑफिसातली किशोरी ती तपासते, गुरुदासांना, म्हणजे सगळ्यांच्या भाऊंना, वाचून दाखवते आणि त्यांनी मान हलवली की पाठवते. पाच वर्षांत तिनं एकही मेल न वाचता सोडलेलं नाही.

तिची रीत ठरलेली. पहिली फेरी शेवटून सुरुवातीकडे, एकेक शब्द. अर्थ लागला की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते, म्हणून अर्थ लागूच द्यायचा नाही. दुसऱ्या फेरीत विरामचिन्हं. तिसरी फेरी मोठ्यानं.

त्या दुपारी पुण्याच्या सुशांतला, म्हणजे भाऊंच्या पुतण्याला, लिहिलेलं मेल मसुद्यात आलं. कारखान्याचा कारभार तोच बघतो. उलट्या फेरीत आधी 'दीवस' दिसला, त्याचा 'दिवस' केला. मग 'किशोर हिची' आलं, त्याचं 'किशोरीची' केलं. आणि पुढे सरकली.

दुसऱ्या फेरीत पूर्णविराम कुठे द्यायचा ते पाहायला वाक्य वाचावंच लागलं.

'तू म्हणतोस ते नवीन सॉफ्टवेअर घे मेल्स तेच तपासत असेल तर किशोरीची गरज नाही महिनाअखेरचा दिवस शेवटचा धर तिला तूच सांग मला जमणार नाही'

तिनं 'घे'नंतर पूर्णविराम दिला. 'असेल तर'नंतर स्वल्पविराम. 'नाही'नंतर पूर्णविराम. ती उठून भाऊंच्या टेबलाशी गेली आणि नेहमीच्या आवाजात वाचू लागली.

"थांब गो," भाऊ म्हणाले. "ह्यां मेल तुज्याकडे कशाक इलां?"

"तुमची सगळीच माज्याकडे येतत, भाऊ."

भाऊ टेबलावरचा डावा हात उजव्यावर ठेवून बसले. "माज्या ध्यानातच नाय रवलां."

"पुढचां वाचू?"

तिनं वाचलं. 'तिला तूच सांग'नंतर एक श्वास थांबली, 'मला जमणार नाही' म्हणून संपवलं, आणि त्यांच्या मानेकडे बघत उभी राहिली. बाहेर काजूबिया फोडायचं यंत्र चालू होतं.

बऱ्याच वेळानं मान हलली.

ती जागेवर परतली आणि तिनं मेल पाठवलं. मसुद्यात अजून दोन मेल्स होती.

"किशोरी," भाऊंनी आतून हाक मारली, "महिनाअखेरपर्यंत आसस मा?"

"आसंय," ती म्हणाली.