तिसऱ्या प्रकरणातली ओळ

माझी आत्या एकतीस वर्षं एकाच छापखान्यात मुद्रितं तपासते. डोकं भडकलं की ती लाल पेन टेबलावर आपटते. या पुस्तकापायी तिनं दोन मोडली.

पुस्तक म्हणजे हेरकथा, तिच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीनं लिहिलेली. त्यातली टंकलेखिका एक गुप्त पाकीट घेऊन निघते. भेटीची जागा तिघांनाच ठाऊक असते: तिचा ड्रायव्हर, तिचा भाऊ आणि तिचा साहेब. तरी शत्रू तिथे आधीच हजर! टंकलेखिकेला जेवढं दिसतं तेवढंच वाचकाला. ड्रायव्हर तिचा जीव वाचवतो म्हणून आपला वाटतो. मग तिनं फक्त भावाला सांगितलेली गोष्ट ड्रायव्हरच्या तोंडून निघते आणि दोघांवरही संशय येतो. साहेब पाकीट उघडून पुन्हा चिकटवतो, पण कशासाठी, ते शेवटीच कळतं. तिसऱ्या प्रकरणात ड्रायव्हरचे बूट ओले आहेत. ते का ओले, ते लिहिलेलं नाही.

"खूण दाखवायची, अर्थ दाबून ठेवायचा," आत्या मला म्हणायची. "खूणच दाबली तर ती वाचकाची फसवणूक."

छापखान्याच्या मालकाला हे कुठून झेपायला! 'वाचक गोंधळतो' म्हणत त्या शहाण्यानं ओल्या बुटांच्या वाक्यापुढेच स्वतःच्या हातानं ओळ घुसडली: 'ड्रायव्हर नदीपलीकडे शत्रूला भेटून आला होता.' झालं, पुढच्या दीडशे पानांचं वाटोळं. भावावर आणि साहेबावर संशय घ्यायचं कारणच उरलं नाही. आत्यानं ओळ खोडली. त्यानं पुन्हा घातली. तिनं पुन्हा खोडली, पण मैत्रिणीला अवाक्षर सांगितलं नाही. तिला कशाला मनस्ताप, आपणच निस्तरू, असं तिचं म्हणणं.

पुस्तक छापून आलं, तर ओळ जिथल्या तिथे; आत्याच्या हातून मुद्रितं गेल्यावर मालकानं ती पुन्हा घातली होती. मैत्रिणीनं मालकाला जाब विचारला. तो म्हणाला, "शेवटची मुद्रितं तुमच्या मैत्रिणीच्याच हातात होती." यात एक शब्द खोटा नव्हता, मेल्याच्या! त्या दिवसापासून मैत्रीण आत्याचा फोन घेईना.

शेवटी आत्या मुद्रितांचा गठ्ठा बगलेत मारून तिच्या घरी गेली, मला सोबत घेऊन. गठ्ठा टेबलावर आपटला.

"अर्धं सांगणाऱ्यावर भरवसा ठेवू नये, हे आयुष्यभर तूच लिहीत आलीस ना गं? आणि त्या माणसाच्या एका वाक्यावर मला फितूर ठरवलंस?"

मैत्रिणीनं पानं उलटली. मालकाचं अक्षर दोनदा, त्यावर लाल काट दोनदा. तिनं काटेजवळच्या तारखा वाचल्या.

"म्हणजे महिनाभर तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "आणि रोज संध्याकाळी इथेच बसून माझ्यासोबत चहा पीत होतीस."

मैत्रिणीनं गठ्ठा नीट बांधून आत्याच्या हातात दिला आणि दार उघडून धरलं.

मालकाचं नाव निघालं की माझं रक्त अजून तापतं. पण त्या दिवशी घरी येताना मी आत्याशीच बोलले नाही.