शंभरातले अठ्ठावन्न

अमेरिकेतल्या विद्यापीठाचं उत्तर आलं तेव्हा माझे वडील, बापू, ओट्यावर बसून कपाशीचं सरकी-बियाणं निवडत होते. पत्र वाचून माझा चेहरा पडला तो त्यांनी पाहिला. "काय म्हंतंस रे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "माझे गुण कमी पडतात म्हणे."

शेतकी कॉलेजातून मी शंभरात अठ्ठावन्न गुणांनी दुसऱ्या वर्गात पास झालो होतो. आमच्या वर्षी पहिला वर्ग एकाच मुलाला मिळाला, त्याच्या पाठोपाठ मी. आमच्या शहाद्याला पेढे वाटले तेव्हाही बापूंनी विचारलंच होतं, "मंग बाकीना बेचाळीस कोठे गयात?" आणि आता सातासमुद्रापलीकडून कोणी शिकलेला माणूस तेच विचारत होता! तिथे सत्तरच्या खाली म्हणजे नापास, पुढच्या पदवीला तर ऐंशीच्या वर हवेत. मला असा राग आला की पत्र चुलीत घालावंसं वाटलं.

पत्रात आणखी एक गोष्ट होती, ती जास्त झोंबली. गुणांच्या आकड्यांवर लाल डाग असून आकडे स्पष्ट नाहीत, असा कागद आम्ही धरत नाही. डाग कसला हे मला ठाऊक होतं. टपालात टाकण्याआधी मायनं गुणपत्रक देवापुढे ठेवून हळद-कुंकू वाहिलं होतं, आणि पाण्याचं बोट नेमकं आकड्यांवरून फिरलं होतं. आमच्याकडे नवं जातं, नवा बैल, नवं पुस्तक, काहीही कुंकवाशिवाय घरात येत नाही की घराबाहेर जात नाही. मायला सांगितलं तेव्हा ती चिडलीच. "देवनं कुंकू शे ते, काय घान शे?"

बापूंनी निकाल दिला: अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, बोलावणं आलं तर जा, नाहीतर सरकी काढायच्या जिनिंगात हिशेबाला बस. कापसाची नवी जात काढायची विद्या मला शिकायची होती. ती इकडे कुठे शिकवत नव्हते. जिनिंगात बसणार नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

प्रकाशाला होडीनं तापी ओलांडली, नंदुरबारला गाडी धरली, सुरतेवरून मुंबई. माझं कॉलेज पुण्याचं, पण पदवी मुंबई विद्यापीठाची; तिथल्या कचेरीत एका वयस्कर अधिकाऱ्यासमोर पत्र ठेवलं. त्यांनी चष्मा पुसत शांतपणे वाचलं.

"तुमच्यावर राग नाही त्यांचा," ते म्हणाले. "तिथे परदेशी पदव्या तपासणारा माणूस असतो. कॉलेज मान्य आहे का, मॅट्रिकनंतर किती वर्षं शिकलात, कुठला विषय किती तास, हे तो पाहतो. पण आपले गुण त्याच्या फूटपट्टीवर तसेच ठेवले तर फसतो. आपला परीक्षक साठ द्यायला किती कुरकुरतो, त्याला काय माहीत?"

"मग मीच हिशेब करून अठ्ठावन्नचे पंच्याऐंशी लिहू?"

"खबरदार! तुम्ही केलेला हिशेब म्हणजे आपल्याच हातानं आपली पाठ थोपटणं. आम्ही फक्त खरं ते कळवू. पस्तीसला पास, पन्नासला दुसरा वर्ग, साठला पहिला, तुमच्या वर्षी किती बसले, किती जणांना कुठला वर्ग, तुमचा क्रमांक कितवा. ताळा त्याचा त्याला करू दे."

विषयवार व्याख्यानांचे आणि प्रात्यक्षिकांचे तास मात्र कॉलेजकडून यायला हवे होते. तिथूनच पुण्याला गेलो. प्राचार्य म्हणाले, "उद्या या." मी म्हणालो, "साहेब, बाकावर बसतो, पण कागद घेतल्याशिवाय हलत नाही." संध्याकाळी सही झाली. मुंबईच्या कचेरीनं सगळं एका लिफाफ्यात घालून लाख लावली आणि परस्पर विमानटपालानं पाठवलं. माझा हातसुद्धा लागू दिला नाही.

घरी आल्यावर मायनं पहिलं विचारलं, "पाकीट कोठे शे? कुंकू लावनं शे." ते परस्पर गेलं, आपल्या हाताचं ते धरतच नाहीत, असं म्हटल्यावर ती परत चुलीकडे वळली. भाकरी थापत राहिली. मला फार वाईट वाटलं.

अखाजी आली. आंब्याला झोके बांधले, मुली गौराईची गाणी म्हणू लागल्या, पोस्टमन मात्र रिकाम्या हातानं पुढे जायचा. सणाच्या दुसऱ्या दिवशी मी जिनिंगात जायला निघालो नाही. बापूही मला न हटकता शेताकडे निघून गेले. चौथ्या दिवशी पत्र आलं: तुमच्याकडचे वर्ग आणि तुमचा क्रमांक पाहता हे गुण आमच्याकडच्या वरच्या श्रेणीचे ठरतात, प्रवेश दिला आहे.

मी ते बापूंना अहिराणीत समजावलं. ते म्हणाले, "म्हंजे बेचाळीस कोठेच गयथात नई!" आणि मोठ्यानं हसले.

निघायच्या दिवशी माय कुंकवाचा करंडा घेऊन दारात उभी राहिली. बोट कपाळापर्यंत आलं आणि थांबलं.

"हाई तरी ऱ्हाऊ देतीन का रे त्या?"

मी तिचं बोट धरून माझ्या कपाळावर टेकवलं.