खालच्या ओळीत गेलेला प्लग

कामिनी गजभियेच्या हाताला स्वस्थता म्हणून कधी नव्हतीच. टीव्हीसमोर बसली तरी रिमोट उलटासुलटा करत राहायची आणि भाजी निवडताना मधेच उठून मोबाईल बघायची. नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या तिच्या घरी नवऱ्यानं, सुशीलनं, एकदा सरळ विचारलं होतं, की हा मोबाईल तुझ्या तळहाताला शिवून टाकू का. तिला राग आला नाही. तेवढं तरी बरं, शोधायला नको, म्हणाली.

आधी ती एका छपाईच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवायची. पत्रिकेत काय नसतं! आजोबा, पणजोबा, सगळे मामा, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली. हे सगळं वीतभर कागदावर मावलं पाहिजे आणि कुणाचं नाव कुणाच्या खाली गेलं म्हणून भांडण नको. त्या कामात ती तयार झाली. पुढं पत्रिका मोबाईलवर निघू लागल्या, दुकान मंदावलं, तेव्हा कामिनीनं नोकरी सोडली आणि छोट्या धंदेवाल्यांसाठी इन्स्टाग्रामच्या पोस्ट लिहायला घेतल्या. सुशीलच्या मते ही नोकरी सोडून मोबाईल खेळायची सोय होती. माहेरीही तेच मत. त्यामुळे हे काम चाललं पाहिजे, असं नुसतं तिला वाटत नव्हतं, त्याचा तिला घोर लागला होता.

तिचा हातखंडा कॅरोसेलमध्ये होता. कॅरोसेल म्हणजे एकामागून एक सरकवत जायची चित्रं. वस्तू कशी वापरायची हे समजावून सांगायला त्यासारखं दुसरं काही नाही, पण लिहिणारे त्याची पार खिचडी करतात. चित्रावर परिच्छेदच्या परिच्छेद ठोकतात आणि खाली कॅप्शनमध्ये तोच मजकूर पुन्हा. कामिनीनं स्वतःपुरता नियम केला होता: चित्रांनी करून दाखवायचं आणि कॅप्शननं कारण सांगायचं. एका चित्रावर एकच गोष्ट, तीही अंगठा थांबेल तेवढ्या वेळात वाचून व्हावी अशी. वर जे आलं ते खाली पुन्हा लिहायचं नाही, वाचणाऱ्याला बिनडोक समजायचं नाही. नियम चांगला होता. ती त्याच्यावर फार खूश होती, आणि माणूस आपल्या नियमावर खूश झाला की समजावं, आता कुठेतरी ठेच लागणार.

मार्चमध्ये तिला मधुकरराव भेटले. त्यांच्या शेडमध्ये बाया मशीनवर कूलरसाठी जाळीच्या पिशव्या शिवायच्या. नागपुरात उन्हाळ्याला कूलर नाही असं घर शोधून सापडायचं नाही, आणि कूलरच्या टाकीतला तो लहानसा पंप गवताच्या काड्या आणि बोअरच्या पाण्याचे क्षार खाऊन अडकला नाही असंही कधी होत नाही. मधुकररावांची पिशवी अगदी साधी होती. पंप तिच्यात घालायचा, नाडी ओढायची, पिशवीसकट पंप टाकीत सोडायचा. कचरा बाहेर, पाणी आत. एवढं लोकांना समजावून सांगणारं एक कॅरोसेल कर, ते म्हणाले, ते चाललं तर पूर्ण उन्हाळ्याचं काम तुझं. कामिनीला रात्रभर झोप आली नाही.

फोटो तिनं आपल्याच गच्चीवर, आपल्याच कूलरचे काढले. सात चित्रं झाली. पंप काहून अडकते, असा प्रश्न पहिल्यावर. दुसऱ्यावर टाकीतला गाळ. तिसऱ्यावर 'पंप बाहेर काढा' आणि पाण्यात बुडालेला तिचा हात, हिरवी काचेची बांगडी मनगटावर. मग पिशवी, नाडी, पुन्हा टाकी, शेवटी मागवायचा नंबर.

तिसऱ्या चित्रावर आधी आणखी एक ओळ होती: शॉक लागू नये म्हणून आधी प्लग काढा. मधुकररावांना ती पटली नाही. आपल्या मालाशेजारी शॉकचं नाव नको, ते वाचलं का गिऱ्हाईक पळते, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर कामिनीलाही ती ओळ डोळ्यात खुपत होती. चित्र भरल्यासारखं दिसायचं आणि एकाऐवजी दोन गोष्टी व्हायच्या. तिनं ओळ उचलून कॅप्शनमध्ये टाकली. तिथं सुरुवातीला लोकांना थांबवणारं वाक्य हवं, म्हणून आधी पंपाच्या रडकथेच्या दोन ओळी, मग पिशवीचं कापड, आणि चौथ्या ओळीला प्लग. सांगितलं तर आहे, असं तिनं स्वतःला बजावलं.

मधुकररावांच्या पानावर तिनंच टाकलेली ती पोस्ट धावली. तिच्या आजवरच्या कुठल्याच पोस्टला इतके शेअर मिळाले नव्हते. दर दोन मिनिटांनी ती आकडा बघायची, पोळी तव्यावर करपायची, सुशील हसायचा. मधुकररावांनी फोन करून सांगितलं की भंडाऱ्याहून, वर्ध्याहून मागणी येऊन राहिली आहे. उन्हाळा मिळाला, कामिनी मनात म्हणाली, तरी पायाला भिंगरी लागल्यासारखी घरभर फिरतच राहिली.

दोन दिवसांनी कन्हानहून कांतामावशीचा फोन आला. तिच्या बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी ती चित्रं टाकली होती. बाजारात पिशवी मिळाली तशी मावशीनं लगेच लावायला घेतली.

"तुयाच हात हाय ना वं त्याच्यात? बांगडी ओळखली मी," मावशी कौतुकानं म्हणाली. मग बोलली, की लिहिलं झाक, पण पाण्यात हात घातला आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. पायात रबरी चप्पल होती म्हणून वाचली, पण मावशी मागं फेकली गेली, कोपर भिंतीवर आपटलं. बाकी काही नाही.

कामिनीनं घाईनं विचारलं, "मावशी, प्लग नव्हता काढला?"

"कुठं लिवलं हाय तसं?"

"खाली लिहिलं आहे ना, मावशी."

"खाली म्हंजे कुठं वं? मले त सातच चित्रं आली."

कामिनीनं पोस्ट उघडली, परक्या माणसानं उघडावी तशी. चित्राखाली कॅप्शनच्या दोनच ओळी दिसत होत्या, मग 'आणखी' हा शब्द. त्याच्यावर बोट ठेवलं तरच पुढचं दिसणार. प्लग त्या शब्दाच्या पाठीमागे होता. आणि मावशीकडे तर तेवढंही पोचलं नव्हतं. लोकांनी चित्रांचे स्क्रीनशॉट काढून पुढे ढकलले होते, कॅप्शन मागं राहिलं होतं.

तिनं घाईघाईनं कॅप्शन बदललं, प्लगची ओळ सगळ्यांत वर आणली. घटकाभर जीव भांड्यात पडला. मग कळलं की हे म्हणजे गाव जळल्यावर घागर भरणं. गावोगावी फिरत होती ती चित्रं, आणि टाकलेल्या पोस्टमधलं कॅप्शन बदलता येतं, चित्रावरचं अक्षर बदलता येत नाही. नवी चित्रं घालायची तर पोस्ट काढूनच टाकावी लागणार, आणि तिच्याबरोबर सगळे शेअर, सगळ्यांनी विचारलेले प्रश्न, तो आकडा. तिला फार वाईट वाटलं, आणि त्या आकड्यासाठी वाईट वाटतंय याची लाज वाटली.

नव्या चित्रासाठी तिनं मोबाईलमधले मूळ फोटो शोधले. तिसरा फोटो उघडला आणि ती तशीच बसली. मूळ फोटो रुंद होता. टाकीत तिचा हात, आणि उजवीकडे गच्चीच्या कठड्यावर, साफ दिसेल असा, काढून ठेवलेला प्लग. अर्थातच तिनं काढला होता. लहानपणापासून घरात तेच शिकवलेलं. अक्षरं मोठी बसावीत म्हणून तिनं फोटोची उजवी बाजू कापली होती, आणि त्या बाजूबरोबर प्लगही कापला गेला होता.

त्याच दुपारी ती शेडमध्ये गेली. मधुकरराव गठ्ठे बांधत होते. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मावशीची विचारपूस केली, मनापासून केली. पण पोस्ट काढायचं म्हटल्यावर कपाळावर आठी आली.

"प्लग काढा लागते हे लेकराले बी समजते. चालती पोस्ट काहून उडवून राहिली तू?"

"माह्या मावशीले बी समजते, काका. तिच्या घरी माह्या जन्माच्या आधीपासून कूलर आहे. तरी तिनं हात घातला, कारण चित्रात माहा हात होता."

त्यांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. मशीनवरच्या बायाही थांबल्या. मग ते म्हणाले, की ऐन सीझनमध्ये हे असं त्यांना झेपायचं नाही. काढायची तर काढ, मोबाईल तुझ्याच हातात आहे, पण मग पुढचं काम मी दुसऱ्याले देईन. आवाज चढवला नाही त्यांनी, आणि म्हणूनच ते खरं होतं.

कामिनीनं तिथंच, त्यांच्यासमोर, पोस्ट काढून टाकली. बाहेर आल्यावर तिला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही.

तरीही तिनं नवं कॅरोसेल केलं, कुणी सांगितलं नसताना. दुसऱ्याच चित्रावर पूर्ण रुंदीचा फोटो, कठड्यावरचा प्लग, आणि अक्षरं: 'आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही.' ज्या ज्या चित्रात हात पाण्याजवळ जातो, त्याच्या कोपऱ्यात प्लगचं लहान चित्र, म्हणजे एकच चित्र तुटून कुठं गेलं तरी प्लग सोबत जाईल. कॅप्शनची पहिली ओळही तीच. वर आलं ते खाली नाही, हा तिचा लाडका नियम तिनं मोडला. जी गोष्ट हरवली तर माणसाला इजा होईल ती दोन्हीकडे लिहायची, मग वाचणारा बिनडोक म्हणो की काही. मधुकररावांनी ते आपल्या पानावर टाकलं, पण ती पोस्ट चालली नाही. मोजक्याच लोकांनी पाहिली.

उन्हाळ्याचं काम श्वेता नावाच्या मुलीला मिळालं. सुशील म्हणाला, तेल गेलं, तूप गेलं, पण त्या रात्री भांडी त्यानंच घासली. श्वेताच्या पोस्ट कामिनी रोज चोरून बघायची. दुसऱ्या चित्रावर प्लगची ओळ असायची, न चुकता. ते पाहून तिला बरं वाटायचं आणि हेवाही वाटायचा.

मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर सात चित्रं आली. जुनीच. कुणा ओळख नसलेल्या नंबरवरून, कितीतरी वेळा पुढे ढकललेली. तिसऱ्यात तिचा हात पाण्यात, मनगटावर हिरवी बांगडी. कामिनीनं पदराला हात पुसले आणि त्याखाली तोच फोटो टाकला, न कापलेला. मग हा फोटोही पुढे पाठवा असं सांगायला तिनं त्या नंबरला फोन लावला. कुणी उचलला नाही. तिनं परत लावला.