ज्याच्या बाजूला पडेल, त्यानं सांगायचं

माहेरी मला फटकळ म्हणायचे. सासरी हे कुणाला सांगितलं तर हसतील. बिदरजवळ नौबादच्या आमच्या घरात बावीस वर्षांत मी कुणाला उलटून बोलले नाही, आणि ते काही चांगुलपणानं नव्हे. थोरल्या दिरांसमोर, म्हणजे अप्पांसमोर, आमच्या घरात कुणीच बोलत नाही. माझा नवराही नाही.

डॉक्टरीणबाईंनी शुगर काठावर आहे, रोज घाम येईस्तोवर हालचाल करा, असं सांगितलं तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "गच्चीवर चाल की." मी तीन महिने गच्चीवर चालले. पाण्याच्या टाकीला वळसा, वाळत घातलेल्या तुरीला वळसा. घाण्याचा बैल बरा, त्याच्या फेऱ्यांतून तेल तरी निघतं! मग कळलं की बिदरला इनडोअर हॉलमध्ये मोठ्या माणसांसाठी बॅडमिंटनचा सकाळचा वर्ग निघतोय. सहा ते सात. मला बॅडमिंटनचं काही नव्हतं, खरं सांगते. मला तो तास हवा होता. ज्या तासात मला कुणी हाक मारणार नाही, असा एक तास.

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "अप्पा म्हणतील तसं."

अप्पा म्हणाले, "मी येतो पहिल्या दिवशी. कसलं काय हाय ते बघतो. बरं वाटलं तर जाऊ दे तिला."

झालं! पहिल्या दिवशी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून, डोक्यावर ओढणी घेऊन मी खेळायला निघाले.

आम्ही सातजण होतो. बँकेतले दोघं, एक शाळामास्तर, एक नर्सबाई, दोन दुकानदार आणि मी. अप्पा आठवे, पण ते दाराजवळ खुर्ची ओढून बसले. कोच चाळिशीचे, काटक, आवाज खणखणीत. त्यांनी आधी अप्पांनाच गाठलं.

"अण्णा, आत फक्त खेळणारे. थांबायचं असेल तर बाहेर बाक आहे. आणि हे चामड्याचे बूट कोर्टवर चालत न्हाईत. मॅटवर डाग पडतात, पाय घसरतो."

बाहेरच्या बाकावरून आतलं काही दिसत नव्हतं. मी मनात म्हटलं, देवा, जाऊ दे त्यांना बाहेर. अप्पा जागचे हलले नाहीत. "मग मी बी खेळतो," ते म्हणाले. कोचनी कपाटातून पांढरट तळव्याचे बूट काढून दिले आणि म्हणाले, "बरं झालं, जोडी पुरी झाली."

माझं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं असणार.

मग त्यांनी आम्हाला अर्धगोलात उभं केलं आणि बोलायला लागले, मराठीत, मधूनच कन्नडमध्ये, मधूनच दखनी उर्दूत. "सुरुवातीला रॅकेटला हात लावायचा न्हाई. आधी अंग तापवायचं. थंड अंगानं पळालात की पोटरी धरती, टाच धरती, मग घरचे मला शिव्या देत्यात. बीपी, शुगर, गुडघा, कुणाला काय असेल ते आत्ता सांगा. लाजायचं न्हाई. दम लागला, छातीत दुखलं तर थांबायचं. मी रागावत न्हाई. न थांबणाऱ्यावर रागावतो."

अप्पांनी बीपीचं सांगितलं. मी शुगरचं सांगताना आवाज इतका खाली गेला की कोचनी दोनदा विचारलं.

"अंगठ्या, कडं, लोंबतं कापड, सगळं काढायचं. अक्का, ती ओढणी एकतर काढून ठेवा, न्हाईतर कमरेला घट्ट बांधा. पायात आली तर तोंडावर पडाल."

सगळे माझ्याकडे बघत होते, पण मला एकच नजर जाणवत होती. घरात मी अप्पांसमोर डोकं उघडं ठेवून कधी गेले नव्हते. मी ओढणी छातीवरून तिरपी घेऊन कमरेला आवळली. इतकी, की श्वास घेता येईना. अप्पा भिंतीकडे बघत होते. तेही अवघडलेले होते, हे मला तेव्हा कळलं नाही. मला फक्त राग आला.

कोर्टाभोवती हळू धावणं, घोटे फिरवणं, खांदे फिरवणं, एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवणं, मनगटं सैल करणं. दहा मिनिटांत मला घाम फुटला. मग रॅकेट कशी धरायची ते. "हात मिळवल्यासारखी धरा. गच्च दाबायची न्हाई." कोच कुणाच्या हाताला हात न लावता स्वतःच्या हातात धरून दाखवत होते. अप्पांनी ते टिपलं आणि मान हलवली. एका परीक्षेत आम्ही पास झालो होतो.

"आता रीत. दुसऱ्या कोर्टवर खेळ चालू असताना मागून जायचं न्हाई, पॉइंट संपेस्तोवर थांबायचं. आपलं शटल तिकडं गेलं तर आत घुसायचं न्हाई. शटल परत देताना समोरच्याच्या हातात येईल असं द्यायचं, पायानं ढकलायचं न्हाई. जाळीला लागून पॉइंट मिळाला तर हात वर करून माफी मागायची, मनातून आनंद झाला असला तरी." सगळे हसले. "सर्व्हिस कमरेखालून, तिरप्या खान्यात. आपला आकडा सम असला की उजवीकडून, विषम असला की डावीकडून. जो पॉइंट जिंकतो, पुढची सर्व्हिस त्याची. खेळ एकवीसचा, आज आपण अकरापर्यंतच खेळू. रेषेवर पडलं तर आत."

मग ते थांबले. "आन् हे नीट ऐका. इथं पंच न्हाई. शटल ज्याच्या बाजूला पडेल, आत का बाहेर ते त्यानं सांगायचं. दुसऱ्यानं वाद घालायचा न्हाई. तुम्हाला दिसलं न्हाई तर पॉइंट समोरच्याचा. पण दिसलं असेल तर जे दिसलं तेच सांगायचं. बाकी सगळं मी शिकवतो, हे मला शिकवता येत न्हाई."

जोड्या लावताना कोच म्हणाले, "तुम्ही दोघं घरचेच ना? मग समोरासमोर खेळा, संकोच न्हाई राहायचा."

संकोच न्हाई म्हणे! जाळीपलीकडे अप्पा, अलीकडे मी, आणि मध्ये ती रेषा. त्यांचा हात जड. गोणीवर थाप मारावी तसं ते शटलला मारत. तिसरंच शटल माझ्या मागच्या रेषेबाहेर पडलं, चांगलं वीतभर. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. नियमच तसा होता, निकाल माझा.

"आत," मी म्हणाले.

तोंडातून कसं आलं तेच कळलं नाही. घरच्यासारखं आपोआप आलं. मग पुन्हा आलं, आणि पुन्हा, असं पाचदा. अप्पा अकरा–सात असे जिंकले. त्यांचा चेहरा असा फुललेला मी पोरांच्या लग्नातही बघितला नव्हता. त्यांनी जाळीवरून हात पुढे केला. बावीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझ्याशी हात मिळवला.

पाणी पिताना कोच जवळ आले. हळूच म्हणाले, "अक्का, दोन शटल तर बाहेर पडलेली मी शेजारच्या कोर्टवरून बघितली. कामून आत म्हणलात?"

"थोरले दीर हायेत ते, सर."

"असू दे की. आत नसलेलं आत म्हणणं बी खोटंच. त्यांना वाटायलंय, आपण बरोबर मारायलोय. ते कधी शिकतील मग?"

मला त्यांचा राग आला. यांचं काय जातं! ह्यांना माझ्या घरात राहायचं थोडंच आहे?

रात्री जेवताना अप्पांनी निकाल दिला. "जागा चांगली हाय. माणूस सरळ हाय. आन् खेळात मालक–नोकर, थोरला–धाकटा काही न्हाई. आपल्या दुकानात सगळे मला हो ला हो म्हणत्यात. तिथं हिनं मला सोडलं न्हाई, खरं खेळली. मी रोज जाणार हिच्यासंगं." जाऊबाईंनी माझ्या ताटात भाकरी वाढली. माझा तास गेला होता, आणि दार मीच आतून लावून घेतलं होतं. पाच वेळा 'आत' म्हणून. वर त्यांचा तो आनंद! बाहेर होतं म्हणावं, तर तो मोडतो. न म्हणावं, तर आयुष्यभर अप्पांच्या स्कूटरवर मागे बसून खोटं बोलायला जायचं. रडू यायला लागलं म्हणून मी पाणी आणायला उठले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच जोडी. अप्पांनी नवे बूट घेतले होते, स्वतःला आणि मलाही. माझा नंबर त्यांना कसा कळला कोण जाणे. पहिलंच शटल त्यांनी जीव खाऊन मारलं. ते रेषेपलीकडे पडलं.

"आऊट," मी म्हणाले.

आवाज एवढा मोठा निघाला की शेजारच्या कोर्टवरचे थांबले. अप्पांनी शटलसाठी हात पुढे केला, मी दिलं. पुढचंही आऊट. अकरा–चार अशी मी जिंकले.

नंतर बाकावर बूट सोडता सोडता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "काल किती बाहेर पडले व्हते?"

"पाच."

"मग काल मी जिंकलोच न्हाई की."

"न्हाई."

ते नाडीची गाठ सोडत राहिले. गाठ केव्हाच सुटली होती. मग म्हणाले, "आन् घरी? घरी किती येळा आत म्हणलीस?"

खोटं सांगता आलं असतं.

"मोजलं न्हाई, अप्पा."

ते उठले. घरी आल्यावर ओसरीवरूनच त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "उद्यापासून ती एकटी जाईल. माझा गुडघा दुखायलाय."

आणि जिना दोन-दोन पायऱ्या घेत वर गेले.

जाऊबाई माझ्याजवळ आल्या. "खरंच दुखायलाय का गं त्यांचा गुडघा?"

"व्हय," मी म्हणाले. "लई दुखायलाय."